कुरडई बंद केली, हे गिऱ्हाइकाला कसं कळवायचं?

मैत्रिणींनो, माल कसा करायचा, पॅकिंग कसं करायचं, भाव कसा लावायचा, याची प्रशिक्षणं आपल्याला खूप मिळतात. पण एखादा माल बंद करायची वेळ आली तर गिऱ्हाइकाला काय सांगायचं, हे कुणी शिकवत नाही. आमच्या गटावर ती वेळ यंदा आली. आधी आम्ही चुकलो, मग सावरलो. दोन्ही सांगते, म्हणजे तुमच्यावर वेळ आली तर आमच्या चुकीपासून सुरुवात करावी लागणार नाही.

एप्रिलच्या मध्यावर तालुक्याच्या गावाहून एक बाई आमच्या दारात आल्या. लेकीचं लग्न २८ तारखेला. रुखवतात ठेवायला आणि पाहुण्यांच्या जेवणाला मिळून तीन किलो गव्हाच्या कुरडया त्यांनी आमच्याकडे सांगून ठेवल्या होत्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तीनशे रुपये आगाऊ दिले होते. त्या पिशवी घेऊनच आल्या होत्या. आणि आम्ही तर मार्चअखेरीस कुरडया करणंच थांबवलं होतं! गटात सगळ्यांना ठाऊक, गावातही ठाऊक, फक्त ज्यांनी पैसे दिले होते त्यांनाच ठाऊक नव्हतं. त्यात भर म्हणजे त्यांचं नाव ऑर्डरच्या वहीत नव्हतं. आमच्या एका ताईने पैसे हातात घेतले आणि नोंदवायचे राहून गेले. बाई ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मला पंधरा दिवस आधी कळवलं असतं तर मी घरी तरी केल्या असत्या." ते वाक्य आम्हाला चांगलंच लागलं.

कुरडई का थांबवली ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी वाटून, पिळून, कापडाने गाळून चीक काढायचा. तो रात्रभर बसू द्यायचा, वरचं पाणी सकाळी ओतून द्यायचं आणि पहाटेच चुलीवर घोटायला लागायचं. घोटताना हात थांबला की गाठी झाल्या. गरम असतानाच सोऱ्यातून पाडायच्या आणि मग दोन-तीन दिवस कडक ऊन पाहिजे. त्या उन्हावरच आमचं घोडं अडलं. मार्चमध्ये अवकाळी पावसाने आमचे लागोपाठ दोन घाणे वाया गेले. ओलसर राहिलेल्या कुरडईला आंबूस वास आला, काहींवर काळे ठिपके पडले. ती विकायचा प्रश्नच नव्हता.

मग आम्ही हिशेब मांडला. वीस किलो गव्हाचा एक घाणा, त्यातून आमच्याकडे दहा किलोच्या आसपास कुरडई निघते. गहू, दळण, सरपण, पॅकिंग आणि बायकांची मजुरी धरून घाण्याला ३,३५० रुपये खर्च. आम्ही विकत होतो ३६० रुपये किलोने, म्हणजे घाण्यामागे २५० रुपये सुटायचे. चारातला एक घाणा जरी पावसात गेला तरी चार घाण्यांचा खर्च १३,४०० आणि विक्री १०,८०० रुपये. आतापर्यंत आम्ही मजुरी धरतच नव्हतो म्हणून कुरडई फायद्यात दिसत होती, हे त्या दिवशी कळलं. घोटणाऱ्या दोन्ही ताईंचे खांदे दुखतात, ते तर कोणत्याच वहीत लिहिलेलं नव्हतं. बंद करायचा निर्णय बरोबर होता. पण तो आम्ही न बोलता घेतला, ही चूक झाली.

पत्राच्या आधीचं काम

त्या बाई आल्या त्याच आठवड्यात बैठक लावली. पहिलं काम, ठराव. "गव्हाच्या कुरडईचं उत्पादन बंद करण्यात येत आहे, आता नवीन ऑर्डर घेऊ नये" एवढं इतिवृत्तात लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या. सही का, तर आमच्यातल्याच एक ताई ओळखीच्या गिऱ्हाइकाला "तुझ्यापुरती देते करून" असं म्हणून बसल्या होत्या. एकीने बंद म्हणायचं आणि दुसरीने हो म्हणायचं, यासारखी गटाची अब्रू घालवणारी गोष्ट नाही.

दुसरं काम, यादी. वहीत नऊ जणींची आगाऊ रक्कम नोंदलेली होती. मग प्रत्येकीला विचारलं, कुणी पैसे हातावर घेतलेत का? दोन नावं निघाली, त्यात त्या लग्नाच्या बाई एक. म्हणजे अकरा जणी झाल्या आणि मिळून २४ किलो कुरडई देणं होतं. डब्यात वाळलेली, चांगली कुरडई होती १४ किलो. कमी पडत होती १० किलो. हा आकडा हातात आल्याशिवाय पत्र लिहायला बसू नका. नाहीतर "शक्य तितक्यांना माल देऊ" अशी गोलमाल भाषा आपोआप येते आणि वाचणारीला आपण शक्यमध्ये आहोत की नाही तेच कळत नाही.

मग १४ किलो कुणाला द्यायची, यावर बराच वाद झाला. शेवटी ठरलं की ज्यांनी पैसे आधी दिले त्यांना आधी. ओळख, नातं, मोठी ऑर्डर, काही बघायचं नाही. पण लग्नाच्या बाईंचं नाव वहीत नाही, मग त्यांचा नंबर कितवा? एक ताई म्हणाल्या, पुरावा नाही तर शेवटचा. त्यावर ज्यांनी पैसे घेतले होते त्याच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हळदीकुंकवाच्याच दिवशी घेतलेत, मी विसरले." नोंद करायची राहिली ती आपल्याकडून, त्याची शिक्षा गिऱ्हाइकाला कशी द्यायची? त्यांना तारखेप्रमाणे तिसरा नंबर दिला. पहिल्या सात जणींना १४ किलो पुरली. मागे चार जणी राहिल्या, त्यांची दहा किलो.

तिसरं काम, पर्याय खरे आहेत का ते बघणं. पत्रात लिहायच्या आधी हे करायचं. शेजारच्या गावातला एक गट अजून गव्हाच्या कुरडया करतो. त्यांना फोन केला. तुमचा फोन नंबर आमच्या गिऱ्हाइकाला दिला तर चालेल का? भाव काय? ५ मेपर्यंत किती देऊ शकाल? पाकिटावर तारीख आणि नोंदणी क्रमांक असतो का? त्यांनी ३८० रुपये भाव आणि आठ किलोपर्यंत मिळेल असं सांगितलं. म्हणजे दहाच्या दहा किलो तिथूनही मिळणार नव्हती. ते कळलं म्हणूनच पत्रात खोटं लिहिलं गेलं नाही.

पहिला कच्चा खर्डा

पत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी शाळेत शिकलेल्या अर्जासारखं सुरू केलं: "आपणास कळविण्यास खेद वाटतो की, काही अपरिहार्य कारणास्तव गव्हाच्या कुरडया हे उत्पादन तूर्तास बंद करण्यात येत असून, आमची इतर दर्जेदार उत्पादने उपलब्ध आहेत, तरी त्यांचा लाभ घ्यावा." वाचायला झोकदार होतं. बैठकीत मोठ्याने वाचलं तर आमच्या सगळ्यात वयस्क ताई म्हणाल्या, "मग माझे तीनशे रुपये कुठं गेले?" त्या गिऱ्हाईक होऊन ऐकत होत्या! आणि बरोबर होतं त्यांचं. ज्या एका गोष्टीसाठी गिऱ्हाईक पत्र वाचणार, तीच त्यात नव्हती.

त्या दोन ओळींत आणखीही खोट होती. "अपरिहार्य कारण" म्हटलं की लोक आपल्या मनाने कारण शोधतात. गटात भांडण झालं, पैसे खाल्ले, मालात काहीतरी निघालं. खरं कारण दोन वाक्यांत मावत होतं, ते लपवण्यासारखंही नव्हतं. "तूर्तास" हा शब्द तर सरळ खोटा. पुढच्या वर्षी करणार नाही हे ठरलेलं असताना तूर्तास लिहिलं की गिऱ्हाईक जानेवारीत पुन्हा विचारायला येणार. आणि "इतर उत्पादनांचा लाभ घ्यावा" हा पर्याय नाही, ती जाहिरात झाली. लग्नाला कुरडई पाहिजे असणाऱ्या बाईला आपण शेवग्याची पावडर घ्या म्हणून सांगतो, तसं ते वाटतं.

दुसऱ्यांदा लिहिलं ते पुढे देते. हे पत्र ज्यांची कुरडई कमी पडली त्या चार जणींचं आहे, कारण तेच सगळ्यात अवघड. तुमच्या वहीत उतरवून घ्या आणि आकडे बदला.

दिनांक २० एप्रिल

सौ. ......... ताईंना सप्रेम नमस्कार,

आमच्या गटाने गव्हाच्या कुरडया करणं कायमचं बंद केलं आहे. तुम्ही सांगितलेली ..... किलो कुरडई आम्ही देऊ शकणार नाही. तुमची आगाऊ रक्कम ..... रुपये आमच्याकडे सुरक्षित आहे.

मार्चमधल्या पावसात आमचे दोन घाणे वाया गेले आणि मजुरी धरता हा माल तोट्यात जातो, म्हणून हा निर्णय घेतला. तयार होती ती कुरडई पैसे आधी दिलेल्यांना क्रमाने दिली. तुमच्यापर्यंत ती पुरली नाही. हे तुम्हाला मार्चमध्येच कळवायला हवं होतं. उशीर झाला ही आमची चूक आहे, त्याबद्दल माफी मागतो.

तुम्ही यांपैकी काय घ्यायचं ते सांगा:

पैसे परत. पूर्ण रक्कम, काही कापणार नाही.

शेजारच्या गावातल्या गटाकडून गव्हाचीच कुरडई. त्यांचा भाव किलोला ३८० रुपये आहे. वरचे २० रुपये आमचा गट भरेल, म्हणजे तुम्हाला ठरल्याप्रमाणे ३६० रुपयांतच पडेल. त्यांच्याकडे सगळी मिळून आठ किलोच आहे, जी आधी सांगेल तिला मिळेल. माल ५ मेपर्यंत मिळेल. तुमची आगाऊ रक्कम आम्ही त्या गटाला देऊ.

आमची तांदळाच्या पिठाची कुरडई, किलोला २६० रुपये. ही गव्हाच्या कुरडईसारखी लागत नाही. रंगाने पांढरी असते, तळल्यावर थोडी कडक लागते, आणि भिजवून भाजी करायला आम्ही ती सुचवणार नाही. नमुना म्हणून चार कुरडया सोबत पाठवत आहोत, तळून बघा आणि मग ठरवा.

३० एप्रिलपर्यंत खालच्या नंबरवर फोन करा किंवा निरोप द्या. तुमचा निरोप आला नाही तर आम्ही तुमचे पैसे ७ मेपर्यंत घरी आणून देऊ.

आपल्या,
अध्यक्ष, सचिव व सर्व सदस्य
(गटाचं नाव, गाव, फोन नंबर, शिक्का)

ओळीओळीमागचं कारण

पहिल्याच ओळीत बातमी का? कारण वाईट बातमीच्या आधी "आपण आमच्या गटावर जो विश्वास दाखवलात" असं सुरू केलं की वाचणारीचा जीव टांगणीला लागतो. पहिल्या तीन वाक्यांत तीन गोष्टी झाल्या पाहिजेत: काय बंद झालं, तुम्हाला मिळणार की नाही, आणि तुमचे पैसे कुठे आहेत. बाकीचं तिने न वाचलं तरी चालेल.

पर्याय तीन दिले, त्यात पैसे परत हा पहिला ठेवला. आम्हाला तो शेवटी टाकायचा मोह झाला होता, खरं सांगते. पैसे गटाच्या खात्यातून जाणार ना! पण ज्या मालासाठी पैसे घेतले तो देता येत नाही, तर ते पैसे तिचेच आहेत. ते देण्यात आपण मेहेरबानी करत नाही. पैसे घेऊन माल दिला नाही आणि पैसेही दिले नाहीत, तर गिऱ्हाईक ग्राहक तक्रार आयोगाकडे जाऊ शकतं. तो कायदा मोठ्या कंपनीला लागतो तसा आपल्यालाही लागतो. "पैसे परत मिळणार नाहीत, त्या किमतीचा दुसरा माल घ्यावा" ही ओळ काही दुकानांत पावतीमागे छापलेली असते. ती आपण कधी छापू नये.

वीस रुपयांचा फरक आम्ही का भरला, यावर विचारणा झाली. हिशेब बघा. आठ किलोला जास्तीत जास्त १६० रुपये. तिने जानेवारीत ३६० भाव ठरवून पैसे दिले, शब्द आपण मोडला, मग भाववाढ तिने का सोसायची? पण हे फक्त ज्यांचे पैसे घेतले होते त्यांच्यापुरतं. जी गिऱ्हाइकं नुसतीच दरवर्षी येतात, त्यांच्या पत्रात आम्ही शेजारच्या गटाचा नंबर आणि त्यांचा खरा भाव दिला, फरक भरतो असं लिहिलं नाही. सगळ्यांना सगळं द्यायला गेलं तर गट बुडेल. ज्याला शब्द दिला होता आणि ज्याला दिला नव्हता, यात फरक करणं हा अन्याय नाही. आणि हो, नंबर दिल्याबद्दल त्या गटाकडून आम्ही कमिशन घेतलं नाही. घेतलं असतं तर तेही पत्रात लिहावं लागलं असतं.

तांदळाच्या कुरडईबद्दल "कडक लागते, भाजीला सुचवणार नाही" हे लिहायला दोघींचा विरोध होता. आपल्याच मालाची निंदा कशाला? पण विचार करा, बाईने पाहुण्यांपुढे तळून ठेवली आणि कुणी म्हटलं ही कसली कुरडई, तर ती पुन्हा आपल्याकडे पापडालासुद्धा येणार नाही. बदलीचा माल मूळ मालापेक्षा कुठे वेगळा आहे हे आधी सांगितलं की मग तो घेणं तिच्या मर्जीचं होतं. भावही त्या मालाचाच लावायचा. तांदळाच्या पिठाची उकड काढून कुरडई एका दिवसात पाडून होते, चीक काढायचा नसतो, मजुरी कमी. ती ३६० रुपयांना देऊन "किलोला किलो बदलून दिला" म्हणणं म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणं. दुसरी एक गोष्ट जपा. बदलीच्या मालात काय काय घातलंय ते सांगा. एखादीला शेंगदाणा सोसत नाही, एखादीच्या घरी कांदा-लसूण चालत नाही. कुरडईत तो प्रश्न आला नाही, पण चटणी किंवा मसाला बंद करून दुसरा देणार असाल तर हमखास येतो.

शेवटची ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. निरोप आला नाही तर पैसे परत. आमच्या पहिल्या चर्चेत उलटं ठरलं होतं: "३० तारखेपर्यंत कळवलं नाही तर तांदळाची कुरडई मान्य आहे असं समजू." पण आपली किती गिऱ्हाइकं पत्र लगेच वाचतात? कुणाचा फोन बंद, कुणी ऊसतोडीला गेलेली, कुणाला वाचता येत नाही. गप्प राहणं म्हणजे होकार, असं धरून दुसरा माल गळ्यात मारायचा नाही.

पत्र पोचवणं

नुसतं व्हॉट्सॲपवर टाकून काम होत नाही. पैसे दिलेल्या अकराही जणींना आधी फोन केला, मग पत्र हातात नेऊन दिलं. सात जणींच्या पत्रात पर्याय नव्हते, "तुमची कुरडई तयार आहे, ही शेवटची" एवढंच होतं. चार जणींपैकी दोघींना वाचता येत नव्हतं, त्यांना आमच्या ताईंनी बसून वाचून दाखवलं. वाचून दाखवताना आपल्या सोयीचा पर्याय जोरात आणि पैसे परत हळू आवाजात वाचला जातो, म्हणून दोघी मिळून जा. वर्षाच्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲपवर छोटं पत्र आणि आठवडे बाजारात आपल्या पालावर मोठ्या अक्षरात कागद लावला. तालुक्यातल्या दोन दुकानदारांकडे आमची सहा किलोची पाकिटं होती. त्यांना लिहिलं की पाकिटावरच्या तारखेपर्यंत विका, नको असतील तर न फोडलेली पाकिटं घेतलेल्या भावात परत घेऊ. एकही पाकीट परत आलं नाही. उलट बंद होतंय म्हटल्यावर दोन दिवसांत संपली!

हे असं होतंच, त्याची तयारी ठेवा. आपल्या देशातली तारसेवा १५ जुलै २०१३ पासून बंद झाली. वर्षानुवर्षं तार फारसं कुणी करत नव्हतं, पण शेवटच्या दिवशी लोक तार ऑफिसात रांगा लावून उभे होते, आठवण म्हणून स्वतःलाच तार करत होते. आमच्याकडेही पाच-सहा जणी आल्या, "शेवटचा एक घाणा घाला, जास्त पैसे देतो" म्हणाल्या. चारशेला किलो घेऊ म्हणणारीही एक होती. गटात चलबिचल झाली. पण ठरावावर सह्या होत्या. त्यावर एक मधला मार्ग मात्र निघाला: ज्या बाईला घरच्या गव्हाच्या कुरडया पाहिजेत तिने गहू आणि सरपण द्यावं, ऊन-पावसाची जोखीम तिची, आमच्या दोन तरुण सदस्या रोजाने जाऊन करून देतील. हा गटाचा माल नाही, त्या दोघींची मजुरी आहे, त्यावर गटाचं लेबल लागणार नाही, हेही लिहून ठेवलं.

लेबलवरून आठवलं. एकीने सुचवलं होतं की बाजारातून तयार कुरडई आणू, आपल्या पाकिटात भरू, दहा किलोचा प्रश्न मिटला. हे चुकूनही करू नका. पाकिटावर आपलं नाव, आपली तारीख, आपला अन्न परवान्याचा नंबर आणि आत माल कुणाचा, कधीचा, कसा वाळवलेला, काही पत्ता नाही. उद्या कुणाला त्रास झाला तर जबाबदार आपण. उरलेली कुरडईची लेबलं आम्ही मोजून, फाडून टाकली.

अजून एक वेगळी परिस्थिती असते, तिच्यात हे पत्र वापरायचं नाही. माल खराब निघाला, बुरशी आली, भेसळीचा संशय आला म्हणून तुम्ही बंद करत असाल, तर "उत्पादन बंद करत आहोत" असं गोड पत्र लिहून चालणार नाही. तेव्हा विकलेला माल परत मागवायचा असतो: कोणत्या तारखेची पाकिटं, खाऊ नका, परत आणा, पैसे घेऊन जा. तेही पत्राची वाट न बघता त्याच दिवशी फोनवर, आणि अन्नसुरक्षा अधिकाऱ्यांनाही कळवून. आमचे पावसात भिजलेले दोन घाणे बाहेर गेलेच नव्हते, म्हणून आमच्यावर ती पाळी आली नाही.

आता त्या चार जणींचं काय झालं ते सांगते. दोघींनी शेजारच्या गटाची कुरडई घेतली, तीन आणि दोन किलो, गटाला फरकाचे शंभर रुपये पडले. एकीने नमुना तळून बघितला आणि दोन किलो तांदळाची घेतली, नातवंडांना कडकच आवडते म्हणाली. चौथीने तीनशे रुपये परत घेतले आणि चार शब्द सुनावलेही. ते आम्ही ऐकून घेतले. रक्कम परत केल्याची सही ऑर्डरच्या वहीत तिच्या नावापुढेच घेतली, म्हणजे लेखापरीक्षणाच्या वेळी शोधाशोध नको.

लग्नाच्या बाईंची तीन किलो २२ तारखेला पोचती केली. डबा उघडून त्यांनी एक कुरडई मोडून बघितली, वास घेतला आणि मग पावती मागितली. जानेवारीत न दिलेली पावती आम्ही त्या दिवशी दिली, तारीख मात्र २२ एप्रिलचीच घातली आणि खाली लिहिलं: तीनशे रुपये संक्रांतीला मिळाले होते. आता पावतीपुस्तक हळदीकुंकवालाही सोबत असतं.